दशकपूर्तीच्या शुभेच्छा आणि यंदाच्या हळदीबद्दल थोडेसे

मार्केट यार्ड, सांगली
१६ मार्च

आदरणीय सुनंदाताई,
सप्रेम नमस्कार.

येत्या पाडव्याला आपल्या मसाला उद्योगाला १० वर्षे पूर्ण होत आहेत. आपले व घरच्या सर्वांचे मनापासून अभिनंदन! पहिल्या वर्षापासून हळद आमच्याकडूनच नेलीत, त्याबद्दल आभार मानावेत तेवढे थोडेच.

आपण प्रथम आलात तेव्हा पॉलिश केलेली राजापुरी समोर ठेवली होती. आपण तिच्या चकाकीकडे पाहिलेही नाही. एक हळकुंड काडकन मोडलेत, आतला केशरी गर नखाने खरवडून हुंगलात आणि म्हणालात, “वरून सगळीच गोरी दिसतात, पोटात काय आहे ते दाखवा.” आमचे हमाल अजून तुम्हाला ‘मोडणाऱ्या ताई’ म्हणतात. (राग मानू नका, कौतुकानेच म्हणतात.)

आता थोडे कामाचे. गेल्या वर्षी आपण १८ क्विंटल माल नेलात, तोही दोन-तीन क्विंटल करून. श्रावणात आणि दिवाळीआधी घाईने मागवावा लागला. त्या दिवसांत नवी आवक नसते, भाव चढा असतो आणि हवेतल्या दमटपणाने हळकुंड नरम पडते, म्हणजे दळायलाही त्रास. शिवाय दर वेळी लॉट वेगळा, त्यामुळे पुडीतला रंगही थोडा बदलतो. गिऱ्हाईक बोलत नाही, पण त्याच्या नजरेतून ते सुटत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते, यंदा वर्षाचे २४ क्विंटल एकदमच ठरवावेत. सध्या सौदे जोरात आहेत. आपण एक दिवस या, लॉट स्वतः मोडून पाहा. त्या दिवशीचा भाव वर्षभर कायम राहील. माल आपल्या नावाने कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवू, भाडे आमच्याकडे. दरमहा २ क्विंटल पाठवू आणि पैसे त्या त्या मालापुरतेच द्यायचे. सुरुवातीला फक्त दहा टक्के आगाऊ, ते शेवटच्या बिलांत वळते करू. जीएसटी नेहमीप्रमाणे वेगळा. खप कमी झाला तर शेवटचे ४ क्विंटल उचलण्याचे बंधन नाही आणि त्यासाठी आगाऊ रक्कमही कापणार नाही.

यात माझाही फायदा आहे, तो लपवत नाही. वर्षाची मागणी हातात असली की शेतकऱ्याकडून चांगला लॉट अखंड उचलता येतो.

नाही जमले तरी काही बिघडत नाही. पूर्वीसारखा लागेल तसा माल मिळेलच, उधारीची मुदतही तीच राहील.

सोबत दोन लॉटचे अर्धा-अर्धा किलो नमुने पाठवत आहे. पिशवीवर १ लिहिलेला मला जास्त आवडला, पण आपण मोडून ठरवा. एप्रिलअखेरपर्यंत कळवलेत तर निवडीला वाव राहील.

आपला,
विलास
हळद व्यापारी