एकोणतीस तारीख

लग्नाला तीन आठवडे राहिलेले आणि सायलीच्या डोक्यात मावशीचं एकच वाक्य फिरत होतं, आठचा नवरा नको गं बाई, शनीचा आकडा. म्हणून घरी ब्लाऊजची ट्रायल आहे असं सांगून ती गुपचूप अंकशास्त्रवाल्या काकांकडे गेली. तसा हिशोब तिनं आधीच मोबाईलवर करून ठेवलेला, 29-02-1995, सगळे आकडे मिळवले की 37, मग 10, मग 1, म्हणजे भाग्यांक एक, सूर्य, छानच की! फक्त कुणी मोठ्या माणसानं एकदा हो म्हणावं एवढंच हवं होतं तिला.

काकांनी वहीत तारीख लिहिली. मूलांक 2, चंद्र, असं पुटपुटले आणि पेन थांबलं.

"बाळा, लिहून घेताना चुकली नाहीस ना?"

तिनं बायोडाटाचा फोटोच झूम करून दाखवला. काकांनी चष्मा वर सरकवला, बघितलं, आणि चक्क हसायला लागले.

"या दिवशी कोणीच जन्मलेलं नाही."

"म्हणजे?"

"95 ला चारने भागून बघ. भाग जातो का? त्या वर्षी फेब्रुवारी 28 ला संपला. 92 ला होता 29, नाहीतर 96 ला. मुलगा तुझ्याहून लहान आहे का?"

सायलीला घामच फुटला. लगेच बाहेर जाऊन निनादला फोन लावला, हळू आवाजात, पण चिडून, तू नक्की कधीचा आहेस रे? तिकडे बराच वेळ शांतता, मग, "92 चा. बायोडाटा आत्यानं केला गं, तीन वर्षं कमी केली, म्हणे एवढं चालतं. मला वाटलं आईनं तुमच्याकडे सांगितलं असेल. तू रागावलीस?"

"तीन वर्षं, निनाद! वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो म्हणून कित्ती जोक मारलेस माझ्यासमोर, तेव्हा सांगता नाही आलं?" फोन कट करून ती तणतणत आत आली. आता मात्र 92 चं बघाच म्हणाली, काकांनी आकडे मिळवले, 34, म्हणजे 7, केतू.

"आठ नाहीये, मावशीला सांग. बाकी सात वाईट नसतो, जरा घुमा असतो एवढंच."

"घुमा नाही काका, खोटारडा! लग्नाच्या बाबतीत वय लपवणारी माणसं मला अजिबात..."

"बरं बरं," काकांनी नवीन पान उघडलं, "आता तुझी सांग, जुळवून बघू."

"14 ऑगस्ट, 199..." आणि ती अडकली. गेल्या वर्षी आईनं तिचा बायोडाटा टाईप करताना शेवटच्या पाचाचे सात केले होते, आणि सायलीनं स्वतःच तो सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड केला होता.

काकांनी मान वर केली. "साल?"

"काका... बायोडाट्यातलं सांगू की खरं?"