पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी संमतीपत्र (सोप्या मराठीत)
नागपूर, सर्जरी विभाग

सही करण्याआधी हे शांतपणे वाचा, किंवा नर्सला वाचून दाखवायला सांगा. मराठी अवघड जात असेल तर हिंदी किंवा गोंडी बोलणारं माणूस मागा. हे जुन्या फॉर्मचंच सोपं रूप आहे; त्यातला एकही धोका, एकही हक्क इथे गाळलेला नाही.

काय करणार
तुमच्या पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. पूर्ण भूल देऊन, पोटावर बहुधा चार छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीने पिशवीच काढायची आहे. नुसते खडे काढले तर ते पुन्हा होतात. दुर्बिणीने जमलं नाही तर पोट उघडून ऑपरेशन करावं लागेल. ही संमती त्यालाही आहे.

ऑपरेशन नको असेल तर थांबता येतं. पण दुखणं परत येऊ शकतं, पिशवीत पू होऊ शकतो, खडा पित्ताच्या नळीत अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ही सूज जिवावरही बेतते.

धोके
जखम पिकणं, रक्तस्राव, पोटात पित्त गळणं, टाक्यांच्या जागी पुढे हर्निया होणं. आतडं, यकृत किंवा रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. भुलेमुळे ॲलर्जी, श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास होऊ शकतो. नळीत खडा राहू शकतो. काहींना नंतर जुलाब होतात.

मुख्य पित्तनळीला इजा होणं क्वचित घडतं, पण ते गंभीर आहे: दुसरं मोठं ऑपरेशन, लांबलेला मुक्काम आणि जास्त खर्च. याबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

फार क्वचित, यातल्या एखाद्या कारणाने मृत्यूही होऊ शकतो.

तुमचे हक्क
नाही म्हणता येतं. सही केल्यावरही, भूल देण्याआधी कधीही संमती मागे घेता येते. त्यामुळे तुमचे बाकीचे उपचार थांबणार नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, अंदाजे खर्च आधी विचारा, ऑपरेशन कोण करणार तेही विचारा. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर 72 तासांत मिळतील. तुमची माहिती गुप्त राहील. शिकवण्यासाठी फोटो काढायचे किंवा तुम्हाला रक्त चढवायचं तर त्याची संमती वेगळी घेतली जाईल.

जीव वाचवण्यासाठी तातडीचं असेल तेवढं सोडून, तुम्हाला न विचारता आणखी कुठलंही ऑपरेशन होणार नाही. तुम्ही 18 वर्षांवरचे आणि शुद्धीत असाल तर निर्णय तुमचाच. नवरा, मुलगा किंवा सासरे यांची सही तुमच्या सहीऐवजी चालणार नाही.

संमती
मी हे वाचलं, किंवा मला समजेल अशा भाषेत वाचून दाखवलं. डॉक्टरांनी धोके आणि दुसरे पर्याय सांगितले, माझ्या प्रश्नांची उत्तरं दिली. कुणाच्या दबावाविना मी या ऑपरेशनला संमती देते / देतो.

रुग्णाने याखाली सही करावी. अंगठा उठवल्यास बाहेरच्या एका साक्षीदाराचीही सही घ्यावी. समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांनी तारीख आणि वेळ घालून सही करावी, आणि एक प्रत रुग्णाच्या हातात द्यावी.