संदर्भपत्र: चालताना लागणारा दम व घोट्यांची सूज

दि. 13 ऑक्टोबर 2025
इचलकरंजी

प्रति,
डॉ. आनंद कुलकर्णी,
हृदयरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

पेशंट: श्री. बाळासाहेब विठ्ठल चौगुले, वय 54, पुरुष, यंत्रमाग कारखान्यात जॉबर
तातडी: याच आठवड्यात तपासणी व्हावी, ही विनंती.

आदरणीय डॉक्टर,
स. न.

चौगुले यांना आपल्याकडे पाठवत आहे. त्यांना हार्ट फेल्युअर आहे असे माझे मत आहे. कारण बहुधा जुना, लक्षात न आलेला हार्ट अटॅक असावा. टूडी एको अजून झालेला नाही. तो आपल्याच देखरेखीखाली व्हावा म्हणून इथे करून घेतला नाही.

गेल्या 3 महिन्यांपासून दम लागतो. सुरुवातीला लूमवर बीम चढवताना लागायचा, आता सपाट रस्त्यावर 150 ते 200 मीटर चालले की थांबावे लागते. घराचा एक जिना चढताना मध्ये टेकतात. एनवायएचए वर्ग 3 म्हणता येईल. सप्टेंबरच्या शेवटापासून दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नव्हती आणि पहाटे दोन-अडीचच्या सुमारास खोकला येऊन उठून बसत होते. बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटायचे. छातीत दुखणे, चक्कर, बेशुद्धी नाही. धडधड अधूनमधून जाणवते, ती काही सेकंदच टिकते. जूनमध्ये एका रात्री जेवणानंतर खूप घाम, मळमळ आणि अंगातले त्राण गेल्यासारखे झाले होते. पित्त समजून घरीच गोळी घेतली. मधुमेही माणसाची ही हकीकत मला महत्त्वाची वाटते. दम त्यानंतरच सुरू झाला.

घोट्यांची सूज 2 महिन्यांची, दोन्ही बाजूंना सारखी, संध्याकाळी जास्त. आधी सकाळी उतरायची, आता उतरत नाही. 12 तासांची उभ्याने पाळी असल्याने घरच्यांनी ती कामामुळे आहे असेच धरले होते.

18 सप्टेंबरला पहिल्यांदा दाखवायला आले, तेव्हा सूज आणणारी तीन औषधे चालू होती: अॅम्लोडिपिन 10 मि.ग्रॅ., मधुमेहाच्या एकत्रित गोळीतले पायोग्लिटाझोन 15 मि.ग्रॅ., आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेले डायक्लोफिनॅक, आठवड्यातून चार-पाच वेळा. तिन्ही त्याच दिवशी बंद केली आणि टेल्मिसार्टन 40 वरून 80 केले. अॅम्लोडिपिनची सूज असती तर 18 दिवसांत बरीच ओसरायला हवी होती. 6 ऑक्टोबरला उलट ती नडगीच्या मध्यापर्यंत चढलेली होती आणि वजन 80 वरून 81.5 किलो झाले होते (जूनमध्ये 76.5). तेव्हा औषधांनी भर घातली असेल, पण मूळ कारण ती नाहीत.

सुताच्या धुळीचाही विचार केला. दुसरीकडे त्यांना दमा सांगून इनहेलर दिला होता, महिनाभर वापरूनही फरक पडला नाही. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळणे, सुट्टीत बरे वाटणे असा धुळीच्या आजाराचा क्रम नाही. शिट्टी वाजल्यासारखा आवाज नाही, पीक फ्लो 410 आहे. इनहेलर थांबवला आहे.

6 ऑक्टोबरची तपासणी: नाडी 96, नियमित. बीपी 152/94, दोन्ही हातांत सारखे. श्वास मिनिटाला 20. ऑक्सिजन बसून 96 टक्के, एक जिना चढून 93. मानेची शीर 45 अंशांत स्टर्नल अँगलच्या वर सुमारे 5 सें.मी. भरलेली. एपेक्स सहाव्या फटीत, मिडक्लॅव्हिक्युलर रेषेच्या बाहेर. डाव्या कुशीवर वळवून बेलने ऐकले तर तिसरा ध्वनी स्पष्ट. एपेक्सला 2/6 पॅनसिस्टॉलिक मर्मर, काखेकडे जाणारा. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक क्रेप्स. यकृत 2 सें.मी., दाबल्यावर दुखते. जलोदर नाही. पोटऱ्यांचा घेर सारखा, दुखरेपणा नाही, त्यामुळे शिरेतल्या गाठीची शक्यता कमी वाटते.

ईसीजी: सायनस ऱ्हिदम, गती 94, क्यूआरएस 108 मि.सेकंद. व्ही1 ते व्ही3 मध्ये क्यू वेव्ह, व्ही4 पर्यंत आर वाढत नाही, व्ही5-व्ही6 मध्ये टी उलटा. एसटी वर उचललेला नाही. 2022 चा ईसीजी माझ्याकडे होता, त्यात क्यू नाहीत. दोन्ही मूळ प्रती सोबत आहेत. एक्स-रेमध्ये कार्डिओथोरॅसिक रेशो 0.58, वरच्या भागातल्या रक्तवाहिन्या ठळक, उजवा कोन किंचित बुजलेला.

रक्त: एनटी-प्रोबीएनपी 1,480 पिकोग्रॅम/मि.लि., हिमोग्लोबिन 12.8, क्रिएटिनिन 1.2 (ईजीएफआर 72), सोडियम 136, पोटॅशियम 4.4, टीएसएच 2.8, अल्ब्युमिन 3.9, एचबीएवनसी 8.1, एलडीएल 134. लघवीत प्रथिने नाममात्र. म्हणजे थायरॉइड, मूत्रपिंड वा रक्तातली प्रथिने कमी होणे, यांतले काहीही ही सूज समजावून देत नाही.

पूर्वेतिहास: उच्च रक्तदाब 9 वर्षे, मधुमेह 6 वर्षे. 25 वर्षे रोज दहाएक बिड्या, 6 वर्षांपूर्वी सोडल्या, तंबाखू मात्र अजून चालू. दारू आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी साधारण 90 मि.लि. वडील 52 व्या वर्षी अचानक गेले. पेनिसिलिनने अंगावर पुरळ येते. आयोडीनयुक्त डायचा पूर्वी संबंध आलेला नाही.

7 ऑक्टोबरपासून फ्युरोसेमाइड 40 मि.ग्रॅ. सकाळी दिले. आज वजन 78.9, बीपी 138/86, नाडी 88, एका उशीवर झोपतात, सूज घोट्यापुरती. क्रिएटिनिन 1.3, पोटॅशियम 4.1. चालताना दम अजून आहेच.

आज चालू: फ्युरोसेमाइड 40 सकाळी, टेल्मिसार्टन 80 रात्री, मेटफॉर्मिन 500 दोनदा, ग्लिमेपिराइड 1 सकाळी, अॅटोरव्हास्टॅटिन 40 रात्री. बीटा ब्लॉकर मुद्दाम सुरू केला नाही, छातीत पाणी असताना तो आपल्या निर्णयावर सोडणे बरे वाटले. अॅस्पिरिनही सुरू न करता आपल्या निर्णयावर सोडले आहे. सिल्डेनाफिल घेत नाहीत, हे एकांतात विचारून घेतले आहे.

आपल्याकडून हवे ते असे. एकोवर इजेक्शन फ्रॅक्शन, भिंतींची हालचाल, मायट्रल गळतीचे प्रमाण आणि एपेक्सला गुठळी आहे का. अँजिओग्राफी आता की पाणी पूर्ण उतरल्यावर. फ्रॅक्शन कमी आढळल्यास टेल्मिसार्टनऐवजी सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, तसेच बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि एसजीएलटी-2 गटातील गोळी कोणत्या क्रमाने द्यायची, ते लिहून द्यावे. डोस वाढवणे, दर पंधरवड्याला पोटॅशियम-क्रिएटिनिन आणि वजन पाहणे मी इथे करीन. एसजीएलटी-2 सुरू झाल्यास ग्लिमेपिराइड कमी करण्याकडेही लक्ष ठेवीन.

रोज सकाळी लघवीनंतर वजन लिहायला सांगितले आहे, 3 दिवसांत 2 किलो वाढले तर फोन. पापड, लोणचे, फरसाण बंद, जेवणात वरून मीठ नाही. बसल्या जागी दम, छातीत दुखणे किंवा बेशुद्धी आल्यास अपॉइंटमेंटची वाट न पाहता 108 बोलवायची, हे पत्नी व मुलगा दोघांनाही समजावले आहे. कामावर जाणे थांबवले आहे. हा रोजंदारीचा माणूस आहे, त्यामुळे किती दिवस आराम लागेल याचा स्पष्ट अंदाज आपल्या पत्रात आला तर मालकाशी बोलणे त्यांना सोपे जाईल.

केशरी रेशनकार्ड आहे. प्रोसिजर लागल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होते का, हे आधीच पाहावे. खर्चाच्या धास्तीने ते अँजिओग्राफी टाळतील अशी मला काळजी वाटते. मुलगा सोबत येईल, निर्णय त्याच्यासमोरच सांगावा.

आपली,
डॉ. सुनंदा माने
एम.बी.बी.एस., कौटुंबिक डॉक्टर

सोबत: ईसीजी 2, छातीचा एक्स-रे, 6 व 13 ऑक्टोबरचे रक्ततपासणी अहवाल, वजनाची वही