प्रकरण 2 : पूर्वसंशोधनाचा आढावा
(लघुप्रबंधाचा विषय : विदर्भातील रखडलेल्या सिंचन प्रकल्पांच्या अपयशाचे घटक – गोसीखुर्दच्या विशेष संदर्भात)

2.1 आढाव्याची मांडणी

प्रकल्प का फसतात या प्रश्नावर गेल्या पाच-सहा दशकांत विपुल लेखन झाले आहे. ते वर्षांच्या क्रमाने मांडले तर कोणी आधी काय म्हटले एवढेच हाती लागते. अभ्यासक एकमेकांशी कुठे सहमत आहेत आणि कुठे भांडत आहेत ते दिसत नाही. म्हणून या प्रकरणात संदर्भांची विभागणी सूत्रांनुसार केली आहे. प्रत्येक संदर्भाला चार प्रश्न विचारले : अपयशाची व्याख्या काय केली, माहिती कोणाकडून घेतली, कारणे प्रकल्पाच्या कोणत्या टप्प्यावर शोधली आणि कोणत्या गोष्टीला हातच घातला नाही. चौथ्या प्रश्नाची उत्तरे एकत्र करून 2.6 मध्ये संशोधनातील उणीव मांडली आहे. संगणकप्रणालींच्या प्रकल्पांवरील लेखन, सिंचनाला लागू पडेल असे तत्त्व सापडले तेवढ्यापुरतेच घेतले आहे.

2.2 अपयश म्हणजे नेमके काय?

वेळ, खर्च आणि गुणवत्ता हा ‘लोहत्रिकोण’ बराच काळ यशाचा एकमेव मापदंड होता. डी विट (1988) यांनी प्रकल्पाचे यश आणि प्रकल्प-व्यवस्थापनाचे यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट केले. उत्तम व्यवस्थापन होऊनही प्रकल्प निरुपयोगी ठरू शकतो, आणि ढिसाळ व्यवस्थापन होऊनही तो लोकांच्या उपयोगी पडू शकतो. अ‍ॅटकिन्सन (1999) यांनी वेळ आणि खर्च हे दोन्ही प्रकल्पाविषयी सर्वांत कमी माहिती असताना बांधलेले अंदाज असतात, याकडे लक्ष वेधले. शेन्हार आणि सहकारी (2001) यांनी कार्यक्षमता, ग्राहकावरील परिणाम, संस्थेचा लाभ आणि भविष्याची तयारी अशा चार परिमाणांचा पर्याय पुढे ठेवला.

सिंचन प्रकल्पात हा भेद केवळ तात्त्विक उरत नाही. घळभरणी झाली, पाणी अडले की कागदोपत्री धरण पूर्ण होते. मुख्य कालवा, शाखा कालवे, वितरिका, लघुकालवे आणि शेतचाऱ्या पूर्ण होऊन पाणी पुच्छभागातील शेतापर्यंत गेले तरच प्रकल्प पूर्ण होतो. शासकीय अहवालांत ‘निर्मित सिंचनक्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र’ हे दोन आकडे वेगळे दिले जातात, आणि अपयश बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या अंतरात असते. व्यवस्थापनशास्त्रातील व्याख्या हे अंतर पकडत नाहीत. म्हणून प्रस्तुत अभ्यासात धरणाची भिंत हा यशाचा निकष मानलेला नाही.

2.3 घटकांच्या याद्या

रॉकार्ट (1979) यांनी ‘निर्णायक यशघटक’ ही कल्पना रूढ केली. ती प्रकल्पांना लावून पिंटो आणि स्लेविन (1987) यांनी दहा घटक मांडले. उद्दिष्टाची स्पष्टता, वरिष्ठांचा पाठिंबा, वेळापत्रक, ग्राहकाशी सल्लामसलत, मनुष्यबळ, तांत्रिक बाबी, ग्राहकाची स्वीकृती, देखरेख, संवाद आणि अडचणींचे निवारण असे ते घटक आहेत. अपयशाच्या बाजूने पाहणारा अभ्यास पिंटो आणि मॅन्टेल (1990) यांनी फसलेल्या 97 प्रकल्पांवर केला. अपयश कशाला म्हणायचे आणि प्रकल्पाचा प्रकार कोणता यानुसार कारणे बदलतात, हा त्यांचा निष्कर्ष मला या परंपरेतील सर्वांत मोलाचा वाटतो. पुढच्या अनेक याद्यांनी नेमका तोच दुर्लक्षिला. बेलासी आणि ट्युकेल (1996) यांनी घटकांचे प्रकल्प, व्यवस्थापक व चमू, संस्था आणि बाह्य परिस्थिती असे चार गट केले व हे गट परस्परांवर परिणाम करतात असे सांगितले.

बांधकाम क्षेत्रातील याद्या याहून लांबलचक आहेत. सौदी अरेबियातील मोठ्या बांधकामांवरील आसफ आणि अल-हेज्जी (2006) यांच्या अभ्यासात विलंबाची 73 कारणे आहेत. उत्तरे 23 कंत्राटदार, 19 सल्लागार आणि 15 मालक यांच्याकडून घेतली. या तिन्ही पक्षांचे एकमत झाले ते एकाच कारणावर : काम चालू असताना मालकाने केलेले बदल. उरलेल्या कारणांच्या महत्त्वाबद्दल पक्षापक्षांत फरक आहे. कारणांचा क्रम उत्तर कोण देतो यावर ठरत असेल तर त्या क्रमाला वस्तुस्थितीचे मोजमाप म्हणता येत नाही. ते मतांचे मोजमाप आहे. शिवाय या 57 जणांत बांधलेली वास्तू वापरणारा कोणीही वापरकर्ता म्हणून आलेला नाही.

भारतीय अभ्यासांतही हीच पद्धत आढळते. अय्यर आणि झा (2005) यांनी बांधकाम प्रकल्पांच्या खर्चावर परिणाम करणाऱ्या घटकांत सहभागी पक्षांमधील समन्वयाला मोठे स्थान दिले. डोलोई आणि सहकारी (2012) यांच्या विश्लेषणात बांधिलकीचा अभाव हा विलंबाचा सर्वांत महत्त्वाचा घटक ठरला. दोन्ही निष्कर्ष उपयुक्त आहेत, पण ते प्रश्नावलीच्या पलीकडे जात नाहीत. बांधिलकी कोणत्या वर्षी, कोणाची आणि कशामुळे ढासळली, हे गुणांकनातून कळत नाही.

2.4 अंदाज चुकतो की चुकवला जातो?

या सूत्रावरील वाद सर्वांत तीव्र आहे आणि प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचा आहे. काह्नेमान आणि ट्वर्स्की (1979) यांनी दाखवले की माणसे स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना तशाच पूर्वीच्या कामांचा अनुभव बाजूला ठेवतात. फ्लूब्यर्ग, होल्म आणि बुल (2002) यांनी 20 देशांतील 258 वाहतूक प्रकल्प तपासले. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च कमी दाखवलेला होता. सरासरी वाढ रेल्वेसाठी 44.7 टक्के, पूल व बोगद्यांसाठी 33.8 टक्के आणि रस्त्यांसाठी 20.4 टक्के निघाली. सत्तर वर्षांत अंदाज सुधारले नाहीत. निव्वळ चूक असती तर अनुभवातून ती कमी झाली असती, म्हणून प्रकल्प मंजूर करून घेण्यासाठी खर्च जाणूनबुजून कमी दाखवला जातो, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

लव्ह आणि अहियागा-डागबुई (2018) यांनी यावर कठोर टीका केली. वाढ कोणत्या आधारापासून मोजायची, हा त्यांच्या टीकेचा गाभा आहे. निर्णयाच्या वेळचा कच्चा अंदाज धरला तर वाढ प्रचंड दिसते. निविदेची रक्कम धरली तर ती बरीच घटते. दोन्ही बाजू वाचल्यावर माझे मत असे झाले की हेतूचा प्रश्न सरासरीच्या आकड्यांतून सुटणार नाही. त्यासाठी एकेका प्रकल्पातील वाढीची फोड करावी लागेल.

गोसीखुर्दच्या बाबतीत हे तातडीचे आहे. 1982-83 च्या दरांनुसार प्रकल्पाची मूळ किंमत 372.22 कोटी रुपये होती. भूमिपूजन 1988 मध्ये झाले, 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला, आणि पुढे सुधारित किंमत 18,000 कोटींच्याही पुढे गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून वृत्तपत्रीय लेखनात धक्कादायक निष्कर्ष काढले जातात. संशोधनात तसे करणे अयोग्य आहे, कारण मधल्या काळात रुपयाचे मूल्य, दरसूची, भूसंपादनाचा कायदा आणि प्रकल्पाची व्याप्ती हे सर्व बदलले. सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या, म्हणजे ‘सुप्रमा’च्या, प्रस्तावात किंमतवाढीची कारणनिहाय विभागणी दिलेली असते : दरसूचीतील वाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, मूळ अंदाजपत्रकातील अपुरी तरतूद, नव्याने समाविष्ट कामे. चूक, फसवणूक आणि अपरिहार्य वाढ वेगळी करण्याचे साधन याच कागदात आहे. या आढाव्यात घेतलेल्या अभ्यासांपैकी एकानेही हा स्रोत वापरलेला नाही.

मोठ्या धरणांबाबत अन्सार आणि सहकारी (2014) यांनी 1934 ते 2007 मधील 245 धरणांचा अभ्यास करून प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी 96 टक्क्यांनी अधिक झाल्याचे मांडले. जागतिक धरण आयोगाच्या 2000 च्या अहवालात ही सरासरी 56 टक्के आहे. दोन्ही आकडे धरणांविषयीचे आहेत. शेताच्या बांधापर्यंतच्या वितरणव्यवस्थेविषयी ते फारसे काही सांगत नाहीत.

2.5 सुरू झालेले काम थांबत का नाही आणि संपत का नाही?

स्टॉ (1976) यांच्या प्रयोगांतून दिसले की चुकीच्या निर्णयाची जबाबदारी स्वतःवर असेल तर माणूस त्यात आणखी पैसा ओततो. रॉस आणि स्टॉ (1993) यांनी न्यूयॉर्कजवळच्या शोरहॅम अणुवीज प्रकल्पाचा अभ्यास केला. साडेसात कोटी डॉलरचा अंदाज पाच अब्जांपलीकडे गेला, तरी प्रकल्पातून व्यापारी तत्त्वावर वीज मिळाली नाही. सुरुवातीला आर्थिक कारणे, मग मानसिक, नंतर संस्थात्मक व राजकीय कारणे प्रबळ होत जातात, ही त्यांची टप्प्यांची मांडणी या अभ्यासाला थेट उपयोगी आहे.

मात्र विदर्भात दिसणारी स्थिती वेगळी आहे. येथे एका प्रकल्पात पैसा ओतला जातो असे नसून अनेक प्रकल्पांत थोडा थोडा शिंपडला जातो. कोणताच थांबत नाही आणि कोणताच संपत नाही. दांडेकर समितीच्या 1984 च्या अहवालाने सिंचन अनुशेषाची चर्चा आकड्यांवर आणली. 1997 मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आले. निधीअभावी अडलेले प्रकल्प पूर्ण व्हावेत म्हणून केंद्राने 1996-97 मध्ये वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम सुरू केला होता. 2012 ची राज्य शासनाची श्वेतपत्रिका आणि त्यानंतरच्या चितळे समितीच्या अहवालात प्रशासकीय त्रुटींची तपशीलवार नोंद आहे. हे अहवाल माहितीने समृद्ध आहेत, पण जबाबदारी निश्चित करणे हे त्यांचे काम होते, घटकांचा परस्परसंबंध उलगडणे नव्हे. संशोधनपर लेखनाने त्यांचा वापर फार कमी केला.

राम सिंह (2010) यांनी 17 क्षेत्रांतील 894 प्रकल्पांच्या आधारे भारतातील विलंब व खर्चवाढीचा अभ्यास केला आणि करारातील त्रुटी व संस्थात्मक कारणांवर भर दिला. भारतीय संदर्भातील हे सर्वांत भक्कम सांख्यिकीय काम आहे. परंतु त्याची सामग्री केंद्रीय क्षेत्रातील प्रकल्पांची आहे, आणि राज्यांचे सिंचन प्रकल्प त्या कक्षेत येत नाहीत.

2.6 संशोधनातील उणीव

वरील सूत्रे एकत्र पाहता सर्वांत मोठी उणीव काळाची आहे. याद्यांमध्ये भूसंपादनातील अडथळा, निधीची टंचाई आणि संकल्पचित्रातील बदल ही कारणे एका रांगेत, एकाच वेळी घडल्यासारखी बसवलेली असतात. प्रत्यक्षात निधी तुटपुंजा मिळाल्याने भूसंपादन लांबते, ते लांबले की मोबदल्याचे दर वाढतात, दर वाढले की सुप्रमा लागते आणि सुप्रमा मिळेपर्यंत काम बंद पडते. ही साखळी कुठून सुरू झाली हे क्रमवारीच्या तक्त्यात हरवते.

दुसरी उणीव साक्षीदारांची आहे. अभियंते, कंत्राटदार आणि सल्लागार बोलतात. पुच्छभागातील शेतकरी, पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी आणि प्रकल्पग्रस्त बोलत नाहीत. महाराष्ट्रात 2005 च्या कायद्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांना अधिकृत स्थान दिले असताना त्यांना संशोधनातून वगळण्याला काही आधार उरत नाही. स्रोतांची उणीव, म्हणजे सुप्रमा प्रस्तावांचा न झालेला वापर, 2.4 मध्ये आलीच आहे.

यावरून प्रस्तुत अभ्यासाचे प्रश्न असे ठरतात. गोसीखुर्द प्रकल्पाच्या क्रमाने आलेल्या सुधारित मान्यतांमध्ये किंमतवाढीच्या प्रत्येक कारणाचा वाटा किती आणि तो कसा बदलत गेला? कोणत्या घटकाने पुढच्या कोणत्या घटकाला जन्म दिला? आणि कालव्याच्या मुखाशी व पुच्छाशी असलेले शेतकरी अपयशाची जी कारणे सांगतात, ती विभागाच्या नोंदींशी कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत? पहिल्या दोन प्रश्नांसाठी कागदपत्रांचे विश्लेषण आणि तिसऱ्यासाठी मुलाखती या पद्धतींचे विवेचन प्रकरण 3 मध्ये केले आहे.