फोर्कपाशी डीएनएची प्रत कशी निघते: लीडिंग आणि लॅगिंग स्ट्रँड

एस.वाय.बी.एस्सी., मॉलिक्युलर बायॉलॉजी. सोमवारच्या तासाचं टिपण

लीडिंग स्ट्रँड सलग बनतो, लॅगिंग तुकड्यातुकड्यांत बनतो. हे वाक्य तुम्हा सगळ्यांना अकरावी-बारावीपासून पाठ आहे. पण तोंडी परीक्षेत पुढचा प्रश्न येतो, ‘का?’, आणि तिथे पुण्यातल्या चांगल्या चांगल्या कॉलेजांतली मुलंही अडतात. खरं तर या ‘का’चं उत्तर हाताशी असेल तर बाकी काहीच पाठ करावं लागत नाही. दोन गोष्टी पक्क्या धरा: डीएनएच्या दोन साखळ्या उलटसुलट दिशांनी जोडलेल्या असतात, आणि डीएनए पॉलिमरेज नवीन साखळी फक्त ५′ कडून ३′ कडे वाढवतो. फोर्कपाशी, म्हणजे दोन जुन्या साखळ्या एकमेकींपासून सुटतात त्या जागी, जे काही घडतं ते सगळं या दोन अटींतून निघतं.

आधी दुसरी अट समजून घेऊ. वाढत्या साखळीच्या टोकाला साखरेच्या ३′ कार्बनवर एक मोकळा हायड्रॉक्सिल गट असतो. नवा न्यूक्लिओटाइड येतो तो तीन फॉस्फेट घेऊन. ३′ हायड्रॉक्सिल त्यातल्या साखरेला लागून असलेल्या फॉस्फेटवर हल्ला करतो, बंध तयार होतो आणि बाकीचे दोन फॉस्फेट पायरोफॉस्फेट म्हणून सुटतात. या पायरोफॉस्फेटचंही लगेच विघटन होतं, म्हणून अभिक्रिया मागे फिरत नाही. इथे लक्षात घ्यायचं ते असं, की बंध जोडायला लागणारी ऊर्जा येणारा न्यूक्लिओटाइड स्वतः घेऊन येतो. साखळीच्या टोकाला ती साठवलेली नसते.

हे उलटं असतं तर काय झालं असतं? समजा साखळी ३′ कडून ५′ कडे वाढली असती. मग ट्रायफॉस्फेट वाढत्या टोकावर असता. आता चुकीचा न्यूक्लिओटाइड बसला आणि एन्झाइमनं तो कापून काढला, तर त्याच्याबरोबर ट्रायफॉस्फेटही गेला. टोक निष्प्राण झालं, पुढची वाढ थांबली. आपल्या पद्धतीत मात्र चुकीचा तुकडा काढला तरी ३′ हायड्रॉक्सिल तसाच शिल्लक राहतो आणि काम पुढे चालू राहतं. पॉलिमरेजच्या हातून साधारण लाखात एक चूक होते. त्यातल्या बहुतेक चुका तो मागे वळून ३′→५′ एक्झोन्यूक्लिएजनं स्वतःच काढतो. चूक दुरुस्त करण्याची ही सोय एकाच दिशेनं वाढण्याशी बांधलेली आहे. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात सुंदर मुद्दा हाच आहे, आणि तोच सगळ्यात कमी मुलं लिहितात.

आता वही आडवी धरा आणि चित्र काढा. फोर्क डावीकडून उजवीकडे उघडतो आहे. वरच्या जुन्या साखळीचं डावं टोक ३′, उजवं ५′. खालच्या जुन्या साखळीचं डावं टोक ५′, उजवं ३′. फोर्क जिथून निघाला ती जागा शून्य, आणि उजवीकडे बेसच्या क्रमांकाच्या खुणा करा: १५००, ३०००, ४५००.

वरच्या साखळीवर बसणारी नवी साखळी तिच्या उलट दिशेची हवी, म्हणजे डावीकडे ५′ आणि उजवीकडे ३′. तिचं वाढतं टोक उजवीकडे आहे, फोर्कही उजवीकडे जातो आहे. एकदा सुरुवात झाली की पॉलिमरेज फोर्कच्या मागे मागे न सुटता चालत राहतो. हा लीडिंग स्ट्रँड. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं फार नाही.

खालची बाजू बघा. तिथल्या नव्या साखळीचं ५′ टोक उजवीकडे आणि ३′ डावीकडे येणार. वाढ डावीकडे, म्हणजे फोर्कपासून लांब जाणारी. फोर्क शून्यावर असताना इथे करण्यासारखं काहीच नाही, कारण उजवीकडचा भाग अजून मिटलेलाच आहे. फोर्क १५०० च्या आसपास पोचला की तेवढी खालची साखळी मोकळी होते. मग १५०० जवळ सुरुवात करून पॉलिमरेज डावीकडे शून्यापर्यंत येतो. तोवर फोर्क ३००० ला पोचलेला असतो. पुन्हा ३००० पाशी नवी सुरुवात, तिथून १५०० पर्यंत. मग ४५०० वरून ३००० पर्यंत. हा लॅगिंग स्ट्रँड, आणि हे तुकडे म्हणजे ओकाझाकी तुकडे.

तुमच्या चित्रात दोन्ही नव्या साखळ्यांवर बाण काढा. दोन्ही बाण ५′ कडून ३′ कडेच जातात. ‘लॅगिंग स्ट्रँड ३′→५′ दिशेनं बनतो’ असं लिहिलेली उत्तरपत्रिका दर वर्षी येते. ते चूक आहे. एकूण लांबी फोर्कच्या दिशेनं वाढत जाते हे खरं, पण प्रत्येक तुकडा उलट्या बाजूला, ५′→३′ असाच विणला जातो. दुसरी चूक जुन्या आणि नव्या साखळीच्या गोंधळाची. लीडिंग आणि लॅगिंग ही नावं नव्या साखळीची आहेत. जुनीबद्दल बोलायचं असेल तर ‘लॅगिंग स्ट्रँडचा टेम्प्लेट’ असं पूर्ण लिहा.

आता फोर्कवर कोण कोण काम करतं ते ई. कोलायमध्ये बघू. डीएनए-बी हे हेलिकेज सहा एकसारख्या प्रथिनांचं कडं असतं. ते लॅगिंग टेम्प्लेटभोवती बसतं आणि त्या साखळीवर ५′→३′ सरकत, म्हणजे आपल्या चित्रात उजवीकडे जात, पुढची दुहेरी साखळी उघडतं. सुट्या झालेल्या साखळीवर एसएसबी प्रथिनं बसतात, नाहीतर ती स्वतःवरच दुमडेल. फोर्क सेकंदाला सुमारे १,००० बेस उघडतो. साडेदहा जोड्यांना एक वेढा धरला तर सेकंदाला जवळजवळ ९५ वेढे सुटतात, आणि त्याचा पीळ पुढच्या भागात साठतो. तो गायरेज सोडवतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे रोजच्या प्रिस्क्रिप्शनवर दिसणारं अँटिबायोटिक याच एन्झाइमला अडवतं.

पॉलिमरेजला शून्यातून सुरुवात करता येत नाही, त्याला तयार ३′ टोक लागतं. ते टोक देण्याचं काम प्रायमेजचं. ते दहा-बारा न्यूक्लिओटाइडचा आरएनए प्रायमर घालतं. लीडिंग बाजूला सुरुवातीला एक प्रायमर पुरतो. लॅगिंग बाजूला प्रत्येक तुकड्याला नवा लागतो, म्हणजे दर एक-दोन सेकंदांनी एक. हिशोब करून बघा. ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेसजोड्या आहेत. दोन फोर्क विरुद्ध दिशांना निघतात, प्रत्येकाच्या वाट्याला २३ लाख. सेकंदाला १,००० या वेगानं २,३०० सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटांच्या आतच. आणि १,५०० चा एक तुकडा धरला तर एका प्रतीमागे अंदाजे ३,००० ओकाझाकी तुकडे, तितकेच प्रायमर, तितकेच सांधे.

सांधा कसा भरतो ते बारकाईनं बघा. ३००० वरून निघालेला नवा तुकडा १५०० ला येतो. तिथे आधीच्या तुकड्याचं ५′ टोक आहे आणि त्या टोकाला आरएनए प्रायमर. तुकडा विणणारा पॉलिमरेज ३ इथे थांबतो आणि सुटतो. मग पॉलिमरेज १ नव्या तुकड्याचं ३′ टोक पकडतो आणि पुढचा आरएनए ५′→३′ एक्झोन्यूक्लिएजनं खात खात त्या जागी डीएनए भरतो. शेवटी एक खाच उरते: एका बाजूला ३′ हायड्रॉक्सिल, दुसऱ्या बाजूला ५′ फॉस्फेट. ती लायगेज जोडतं. ई. कोलायच्या लायगेजला त्यासाठी एनएडी लागतो, आपल्या पेशींतल्या लायगेजला एटीपी. कुठल्या तुकड्याचं ३′ टोक कुठल्या तुकड्याच्या ५′ ला जोडलं गेलं, हे चित्रावर बोट ठेवून सांगता आलं तर लॅगिंग स्ट्रँड समजला असं म्हणा.

‘लॅगिंग’ म्हणून तो पॉलिमरेज संथ असतो का? नाही. दोन्ही बाजूंचा पॉलिमरेज तोच आहे, वेगही साधारण तोच. इतकंच नाही, दोन्ही पॉलिमरेज, त्यांना डीएनएवर धरून ठेवणारं कडं बसवणाऱ्या क्लॅम्प लोडरमार्फत एकमेकांशी आणि हेलिकेजशी जोडलेले असतात. मग एक उजवीकडे आणि दुसरा डावीकडे विणतो, तरी दोघं बरोबर कसे राहतात? लॅगिंग टेम्प्लेटचा फास तयार होतो. तुकडा वाढतो तसा फास मोठा होतो, तुकडा संपला की सुटतो, पुढच्या प्रायमरपाशी पुन्हा पडतो. ब्रूस अल्बर्ट्स यांनी सुचवलेलं हे ट्रॉम्बोन मॉडेल, ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीवरून नाव पडलेलं. सपाट कागदावरच्या फोर्कमध्ये फास दिसत नाही, म्हणून लॅगिंग पॉलिमरेज फोर्क सोडून पळून जातो असा समज होतो.

हे तुकडे खरंच असतात हे कळलं कसं? १९६०च्या दशकात नागोया विद्यापीठात रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्यानं ई. कोलायला किरणोत्सारी थायमिडिन काही सेकंदच दिलं आणि डीएनएच्या साखळ्या अल्कलीत सुट्या करून सेंट्रिफ्यूजमध्ये लांबीनुसार वेगळ्या केल्या. वाढ मंदावावी म्हणून जिवाणू २० अंशांवर ठेवले होते. अगदी थोडा वेळ दिलेलं किरणोत्सारी थायमिडिन लहान तुकड्यांत सापडलं, जास्त वेळ दिलेलं लांब साखळ्यांत. टी४ फाजचं लायगेज बिघडलेल्या म्युटंटमध्ये तुकडे साचूनच राहिले. यात एक अडचण होती, ती पुस्तकात बहुधा गाळतात. सिद्धांताप्रमाणे निम्मं थायमिडिन लहान तुकड्यांत हवं होतं, पण त्याहून बरंच जास्त तिथे दिसलं, जणू दोन्ही साखळ्या तुकड्यांतच बनतात. पुढे त्याचं एक कारण सापडलं: डीएनएत चुकून थायमिनच्या जागी युरॅसिल शिरतो, दुरुस्ती करणारी एन्झाइम्स तो काढतात, आणि त्या कापण्यातूनही लहान तुकडे निर्माण होतात.

आपल्या पेशींमध्ये तत्त्व तेच, कामगार वेगळे. हेलिकेज सीएमजी नावाचं संकुल आहे आणि ते लीडिंग टेम्प्लेटवर ३′→५′ सरकतं. हा ई. कोलायशी नेमका उलट मुद्दा परीक्षेत उपयोगी पडतो. लीडिंगवर पॉलिमरेज एप्सिलॉन, लॅगिंगवर डेल्टा, सुरुवात पॉलिमरेज अल्फा आणि प्रायमेज मिळून करतात. ओकाझाकी तुकडे इथे फक्त १०० ते २०० न्यूक्लिओटाइडचे असतात. गुणसूत्र सरळ असल्यानं लॅगिंग बाजूच्या शेवटच्या प्रायमरची जागा भरायला पुढे तुकडाच नसतो. ते टोक दर वेळी आखूड होतं, आणि टेलोमेरेजची गरज तिथूनच सुरू होते. तो विषय गुरुवारी.

गुरुवारी येताना एक चित्र काढून आणा. आज आपण उजवीकडे जाणारा फोर्क काढला. त्याच जागेवरून डावीकडे जाणारा दुसरा फोर्क त्याच दोन जुन्या साखळ्यांवर काढा, टोकं तीच ठेवून. वरची जुनी साखळी डाव्या फोर्कमध्ये लीडिंगचा टेम्प्लेट आहे की लॅगिंगचा, ते बाणांवरून ठरवा आणि शेजारी दोन ओळींत कारण लिहा.