ईराचं उष्टावण, भोर, गुरुवार सकाळ

फोटो क्रमानं बघा, शेवटी व्हिडिओ आहे. मेलबर्नच्या काकूंकडे तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते, न्यू जर्सीच्या आत्या मध्यरात्री एकला जाग्या होत्या आणि मामा मस्कतला ऑफिसच्या वाटेवर. व्हिडिओ कॉलवर आवाज मध्येमध्ये तुटत होता, म्हणून जे ऐकू आलं नाही ते इथं लिहिलंय.

पहिल्या फोटोतला पाट आजोबांच्या मुंजीतला. त्यावर घडी घातलेलं लाल धाबळीचं कापड, भोवती रांगोळी, तोंड पूर्वेला. ईरानं सहा महिने पूर्ण केले आणि सातवा लागला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, मुलाचं सम महिन्यात, ही घरची रीत. डॉक्टरही वरचं अन्न सहा महिने पुरे झाल्यावरच सुरू करायला सांगतात, त्यामुळे या वेळी पंचांग आणि दवाखाना यांच्यात वाद झाला नाही.

दुसऱ्या फोटोत अंगावर आहे ती आत्यांनी पाठवलेली कुंची. जरीची किनार गळ्याला टोचेल म्हणून आतून सुती पट्टी लावून घेतली. आत्या, फक्त ओवाळणं होईपर्यंत घातली होती. घाम आल्यावर काढली, रुसू नका.

तिसरा फोटो: पाटासमोर विड्याच्या पानांवर गणपतीची आणि कुलदेवीची सुपारी, बाजूला तांदळानं भरलेलं माप. गुरुजींनी म्हटलेला मंत्र यजुर्वेदातला, ‘अन्नपतेऽन्नस्य नो देह्यनमीवस्य शुष्मिणः’. हे अन्नाच्या स्वामी, रोग न करणारं, बळ देणारं अन्न आम्हाला दे, असा त्याचा अर्थ. पुढच्या ओळीत दोन पायांच्या आणि चार पायांच्या सगळ्यांसाठी मागणं आहे, म्हणून गाईचा घास आधीच बाजूला काढलेला दिसेल.

चौथ्यात औक्षण. पहिलं आजीनं केलं. ‘मी कशाला’ म्हणत ती मागं सरत होती, पण हा मान तिचाच होता. मग आई, दोन्ही काकू आणि शेजारच्या मावशी. निरांजन बाळाच्या तोंडापासून हातभर लांब ठेवलंय, कारण या वयात मूल चमकणाऱ्या वस्तूवर झडप घालतं. अक्षता डोक्यावर टाकल्या नाहीत, दोन दाणे कपाळाला लावून लगेच पुसले. मांडीवर सांडलेला दाणा तिनं तोंडात घातला असता. कुंकवाची चिमटीभर टिकली, काजळ कानामागं. डोळ्यात काही नाही.

पाचव्या फोटोवर सगळ्यांनी विचारलं, मांडी कोणाची? पहिला घास भरवायचा मान मामाचा, आणि सख्खा मामा मस्कतला. म्हणून बसला आईचा मावसभाऊ. नात्यानं तोही मामाच. अंगठी मात्र मस्कतच्या मामाची, दिवाळीला आला तेव्हाच देऊन गेला होता. खडा नसलेली, साधी गोल. खड्याच्या कोंदणात खीर अडकते आणि नीट धुता येत नाही. अंगठी आणि चांदीची वाटी-चमचा दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवले होते. वाटी आजोळची आहे, पण पॉलिश करून आलेली. नवीन चांदीवर पॉलिशची पूड राहते, तेव्हा आधी साबणानं दोनदा घासली आणि मगच उकळली.

आता खिरीबद्दल, कारण फोनवर सगळ्यात जास्त प्रश्न तिचेच आले. पातेली दोन होती. मोठ्यातली नैवेद्याची: दूध, साखर, वेलची, केशर, बदामाचे काप. ती तुमच्या-आमच्यासाठी. छोट्यातली ईराची. एक मोठा चमचा आंबेमोहोर धुऊन सावलीत सुकवला, चहाच्या अर्ध्या चमचा तुपावर मंद आचेवर परतला, मिक्सरमधून रवाळ काढला आणि एक वाटी पाण्यात पंधरा मिनिटं ढवळत शिजवला. मग गाळणीतून दाबून काढला, अख्खा दाणा राहायला नको. साखर नाही, मीठ नाही. वर्षाचं होईपर्यंत दोन्हीची गरज नसते.

मध नाही, हे मुद्दाम सांगतो. जुन्या विधीत दही, मध, तूप एकत्र चाटवतात, आणि काकूंनी तसं विचारलंही होतं. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण वर्षाखालच्या मुलाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात, आणि मध उकळूनही ते मरत नाहीत. गुरुजींना आधी विचारलं होतं. मधाची वाटी देवापुढं राहिली, ईराच्या जिभेला लागली नाही.

खीर दहाला तयार झाली, घास 10:40 ला. तेवढ्यात ती थिजून लापशी झाली. तांदळाचा स्टार्च गार होताना घट्ट होतोच. काढून ठेवलेलं आईचं दूध दोन चमचे घालून सैल केली, चमचा तिरका केला की ओघळेल इतपत. सहाव्या फोटोत आई वाटी ढवळताना दिसते ती त्यासाठी. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट आहे ना, ते पाहिलं.

सातवा फोटो, म्हणजे तुम्ही सगळ्यांनी हसत-रडत पाठवलेला. मामानं अंगठी खिरीत बुडवून ओठांना लावली, मग चमच्याच्या टोकावर जेमतेम अर्धा चमचा. पहिला घास तिनं जिभेनं बाहेर ढकलला. ‘आवडलं नाही वाटतं’ असं तिकडून कोणीतरी म्हणालं, पण तसं नाही. आतापर्यंत जीभ फक्त ओढायला शिकली होती, घास मागं न्यायचं तिला नवीन आहे. दुसरा अर्धा पोटात गेला. दूध तासभर आधी पाजलं होतं. फार भुकेलं मूल चमच्याला चिडतं आणि भरल्या पोटी तोंड उघडत नाही. आजी-आजोबांनी चमचा फक्त ओठांना लावला, एकूण दोन चहाचे चमचे झाल्यावर थांबलो. सगळ्या पाहुण्यांनी एकेक घास भरवायचा हट्ट धरला की मूल ओकतं आणि पुढचे आठ दिवस चमचा पाहून मान फिरवतं.

आठवा: ताम्हणात वही, पेन, चांदीचं नाणं, कापडाची घडी, लाकडी लाटणं आणि शेतातली माती. माती झाकण घट्ट लावलेल्या बरणीत, कारण कुठल्याही वस्तूची पुढची जागा तोंडच. ईरा अजून रांगत नाही, म्हणून सगळं हाताच्या अंतरावर अर्धगोलात मांडलं. तिनं बरणी धरली. धाकट्या काकांनी लगेच तिला शेतकी कॉलेजात घातलंय. खरं म्हणजे झाकण सगळ्यात चकचकीत होतं.

व्हिडिओ चौदा मिनिटांचा आहे, ग्रूपवर टाकला की अस्पष्ट होतो. मूळ फाइल ड्राइव्हच्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, घास 6:20 पासून पुढं. तीन दिवस फक्त हीच पेज, सकाळी एकदाच, पुरळ किंवा जुलाब नाहीत ना ते बघत. मग मुगाचं वरण. तुम्ही पाठवलेला बदाम-खजुराचा डबा मोठ्यांनी उघडलाय. व्हिडिओ कॉल करायचा तर आपल्याकडच्या संध्याकाळी पाच ते सहात करा, त्यानंतर ती झोपते.