संवाद: हॉटेलात नम्र तक्रार

दादरमधलं मालवणी हॉटेल, दुपारी दीडची गर्दी. दोघांनी सुरमई थाळी घेतली आहे.

ग्राहक: दादा, जरा येता का?

वेटर: बोला मॅडम.

ग्राहक: ही सुरमई आतून कच्ची राहिली आहे. बघा, काट्यापासून सुटत नाहीये.

वेटर: तुकडा जाड होता, त्यामुळे झालं असेल. परत तव्यावर टाकून आणू?

ग्राहक: परत तळली तर वरचा रवा करपेल. त्यापेक्षा दुसरा तुकडा द्याल का?

वेटर: देतो ना. दहा मिनिटं लागतील.

ग्राहक: चालेल. भाकरीही तेव्हाच आणा, नाहीतर गार होईल.

(जेवण झाल्यावर, गल्ल्यावर. इथे आवाज चढवू नका. ‘तुम्ही चूक केलीत’ म्हटलं की समोरचा बचाव करू लागतो. ‘चूक झाली आहे’ म्हटलं की तो बिल तपासतो.)

ग्राहक: काका, बिलात थोडी चूक झाली आहे असं वाटतं. सोलकढी आम्ही दोनच घेतल्या, इथे तीन लागल्या आहेत.

मॅनेजर: बघू... हो, बरोबर आहे तुमचं. सॉरी हं.

ग्राहक: सोलकढीचे 60 आणि त्यावरचा 5 टक्के जीएसटी, म्हणजे 63 रुपये कमी होतील ना?

मॅनेजर: हो, 1071 चे 1008 झाले. नवीन बिल काढतो.

ग्राहक: थँक यू. दुसरी सुरमई छान झाली होती, आत सांगा हं.

(आता भूमिका बदला. या वेळी वेटर म्हणतो, ‘सुरमई संपली.’ पापलेट मागा किंवा थाळीतून माशाचे पैसे कमी करायला सांगा.)